एक पत्रिका म्हणते 27 गुण, दुसरी म्हणते 12: साखरपुडा झाल्यावर पुन्हा पाहिलेली पत्रिका

"काका नमस्कार. गेल्या दिवाळीत माझ्या मामांनी तुमच्याकडून माझी पत्रिका करून घेतली होती आणि मग स्थळ आल्यावर तुम्हीच गुण पाहून 27 जुळतात, पुढे जा म्हणालात. साखरपुडा झाला. आता होणाऱ्या सासूबाईंनी त्यांच्या गुरुजींना दाखवलं तर ते म्हणतात गुण फक्त 12, एकनाड आहे, मुलगी राक्षसगणी आहे, संतती होणार नाही, मोडलेलं बरं, नाहीतर मोठी शांती करावी लागेल. दोन्ही पत्रिकांचे फोटो पाठवते. माझी जन्मवेळ रात्री 12.35, पुणे. जन्मदाखल्यावर 6 एप्रिल आहे. आजी म्हणते हनुमान जयंतीच्या रात्री झाली. मुलाला मी आठ महिने ओळखते आणि मला हे लग्न करायचंय. पण खरं काय ते कळलं पाहिजे. एकदा परत बघाल का?"

बाळ, फोटो पाहिले आणि पहिल्यांदा हे सांगतो की चूक माझ्या पत्रिकेत आहे, त्या गुरुजींच्या पत्रिकेत नाही. म्हणजे जन्माची माहिती त्यांची बरोबर, माझी चुकीची. पण त्यावरून त्यांनी जो निकाल दिला तो मात्र मला मान्य नाही. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि तुझ्या घरात सध्या त्या एकच होऊन बसल्यात, म्हणून सगळं नीट सांगतो, जरा लांबेल.

आधी चूक कशी सापडली ते सांगतो, कारण उद्या तुझ्या बहिणीची, मैत्रिणीची पत्रिका दोन ठिकाणी वेगळी आली तर तुला स्वतःला बघता येईल. दोन्ही कागद शेजारी ठेव. लग्न, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवणारी रास, दोन्हीकडे धनु. मंगळ दोन्हीकडे वृषभेत, सहाव्या स्थानात. गुरू दोन्हीकडे सिंहेत, शुक्र वृषभेत, बुध आणि राहू मेषेत. रवी फक्त एका अंशाने पुढे मागे. आणि चंद्र? माझ्या कागदावर कन्येत साधारण 13 अंशावर, म्हणजे हस्त नक्षत्र. त्यांच्या कागदावर कन्येतच पण 26 अंशावर, म्हणजे चित्रा. बाकी सगळं जागच्या जागी आणि एकटा चंद्र बरोब्बर एक नक्षत्र पुढे. चंद्र एका दिवसात साधारण तेरा अंश चालतो, म्हणजे जवळपास एक नक्षत्र, रवी एक अंश, आणि लग्न चोवीस तासांनी फिरून पुन्हा तिथंच येतं. त्यामुळे असा फरक दिसला की समजायचं वेळ दोघांनी एकच घेतलीय, तारीख एका दिवसाने वेगळी घेतलीय.

दुसऱ्या कारणाने फरक पडला असता तर खूण वेगळी दिसली असती. जन्मवेळ अर्ध्या पाऊण तासाने चुकली असती तर लग्न सरकलं असतं, कधी कधी लग्नरास बदलली असती आणि मंगळ वेगळ्या स्थानात गेला असता, पण चंद्र जेमतेम पाव अर्धा अंश हलला असता. आणि राशीचक्र कुठून मोजायला सुरुवात करायची ते अयनांशावरून ठरतं, एकाने टिळक पंचांगाच्या अयनांशाने आणि दुसऱ्याने नेहमीच्या चित्रापक्ष अयनांशाने पत्रिका केली असती तर लग्नासकट सगळेच्या सगळे ग्रह सारख्याच अंतराने, साधारण चार अंशाने, पुढे मागे दिसले असते. तुझ्याकडे यातलं काहीच नाही. एकटा चंद्र.

आता तारीख कशी चुकली. माझी वही काढून बघितली, तुझ्या मामांनी फोनवर सांगितलं ते जसंच्या तसं लिहिलंय, "5 एप्रिल, रात्री 12.35". आपल्याकडे दिवस सूर्योदयाला बदलतो, पाच तारखेला रात्री जेवणं झाली, दवाखान्यात गेले, मध्यरात्र उलटून मूल झालं तरी घरातले सगळे पाच तारखेची रात्र असंच म्हणतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण कॉम्प्युटरमध्ये 5 तारीख आणि 12.35 एएम टाकलं की तो पाच तारीख सुरू झाल्यावरची 35 मिनिटं धरतो, म्हणजे चार तारखेची रात्र. तिथे चोवीस तास मागे गेलो. मध्यरात्रीनंतरची वेळ कोणी सांगितली की मी नेहमी एक प्रश्न विचारतो, दुसऱ्या दिवशी सकाळी कॅलेंडरवर कुठली तारीख होती? मामांना तो विचारायचा राहिला. फोनवर घाईत काम घेतलं. हा माझा दोष आहे आणि तुला त्याचा त्रास झाला त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

तरी नुसत्या अंदाजावर तारीख बदलायची नसते, पुरावा बघायचा. तुझा जन्मदाखला 6 एप्रिल सांगतो. दाखल्यावर सहसा वेळ नसते, तारीखच असते, पण ती दवाखान्याच्या नोंदीवरून येते, म्हणून तारखेपुरता तो भरवशाचा. आणि दुसरा पुरावा तुझ्या आजीचा, तो मला जास्त आवडला. हनुमान जयंती म्हणजे चैत्र पौर्णिमा. तुझ्या वर्षाचं पंचांग उघडून बघितलं, 5 एप्रिलच्या सूर्योदयाला पौर्णिमा होती, हनुमान जयंती त्याच दिवशी, आणि पौर्णिमा संध्याकाळच्या आत संपली. मी चुकून जी वेळ धरली, चार आणि पाचच्या मधली रात्र, ती हनुमान जयंतीच्या आदल्या दिवसाची रात्र होते. आजीला देवळातली हनुमान जयंती आठवते आणि त्याच रात्री तू झालीस हे आठवतं, म्हणजे पाच आणि सहाच्या मधली रात्र, म्हणजे दाखल्याप्रमाणे 6 एप्रिल, 0 वाजून 35 मिनिटं. दोन वेगळ्या वाटांनी एकच तारीख आली. दवाखान्याचा डिस्चार्ज कागद घरात सापडला तर त्याचा फोटो पाठव, त्यावर बहुतेक वेळ पण असते, पण माझ्या मते प्रश्न इथे मिटला. तुझं नक्षत्र चित्रा, चरण पहिलं, रास कन्याच.

आता गुणांचं बघू. मुलाचं नक्षत्र अनुराधा, रास वृश्चिक. त्याचाही चंद्र तपासला, तो अनुराधेच्या ऐन मध्यावर आहे, त्याची वेळ दोन चार तास चुकली असली तरी नक्षत्र बदलत नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण तुला कुणीतरी नक्की भेटेल जो म्हणेल की मुलाची वेळ जरा सरकवून बघू, गुण वाढतील. वेळ सरकवून गुण जुळवायचे नसतात. तसं केलं तर ती पत्रिका त्या मुलाची राहतच नाही.

36 गुणांपैकी सगळ्यात जड आठ गुण नाडीचे, सात राशिकूटाचे, सहा गणाचे, मग उतरत उतरत एक वर्णाचा. हस्त धरलं तेव्हा तुझी नाडी आद्य होती, मुलाची मध्य, वेगळ्या म्हणून आठ गुण पूर्ण. गण तुझा देव, त्याचा देव, सहा पूर्ण. चित्रा धरलं की तुझी नाडी मध्य, त्याचीही मध्य, आठाचे शून्य. गण राक्षस, त्याचा देव, सहाचे शून्य. योनीत एक गुण गेला. राशी तीच राहिली म्हणून राशिकूटाचे सात दोन्हीकडे तसेच आहेत. आठ, सहा आणि एक, पंधरा गुण गेले, 27 चे 12 झाले. पुस्तकागणिक एखादा गुण इकडे तिकडे होईल पण त्या गुरुजींचं गणित बरोबर आहे. नाडीदोषाला जे नेहमीचे अपवाद सांगतात, दोघांची रास एक पण नक्षत्र वेगळं, नक्षत्र एक पण रास वेगळी, किंवा नक्षत्र एक आणि चरण वेगळं, त्यातला एकही तुम्हा दोघांना लागू नाही, कारण तुमची रासही वेगळी आणि नक्षत्रही वेगळं. कोणी ओढूनताणून अपवाद काढून दिला तर घेऊ नकोस. एकनाड आहे. ते स्वच्छ मान्य करू आणि मग त्याचा अर्थ काय ते बघू.

नाडी कशी ठरते ते लोकांना माहीत नसतं म्हणून त्याची भीती फार वाटते. 27 नक्षत्रं तीन नाड्यांत वाटलीत, प्रत्येकीत नऊ. तुझी कुठलीही एक नाडी असली तरी समोरचा मुलगा त्याच नाडीचा असायची शक्यता तीनात एक. म्हणजे पत्रिका न बघता झालेल्या लग्नांत दर तीन जोडप्यांमागे साधारण एक एकनाडीचं असणार. तुझ्या आजूबाजूला, तुझ्या स्वतःच्या नात्यात, पत्रिका न बघता लग्न केलेले किती जण आहेत बघ, त्यातल्या तिसऱ्या हिश्शाला मुलं नाहीत असं दिसतं का? माझ्याकडे एकनाड असलेल्या जोडप्यांची मुलं आता स्वतःच्या पत्रिका घेऊन येतात. त्यामुळे नाडीचे आठ गुण गेले एवढं म्हणता येतं, संतती होणार नाही हे वाक्य त्या कोष्टकातून निघत नाही. ते त्या गुरुजींनी वरून जोडलंय.

संततीबद्दल शास्त्राने बघायचंच असेल तर पंचमस्थान बघायचं, आणि ते दोघांच्या पत्रिकेत बघायचं. तुझ्या पंचमात मेष रास, तिथे बुध आणि राहू. राहू पंचमात आहे हे मी लपवत नाही, कोणीतरी त्यावरही बोट ठेवेल. पण तुझा लग्नेश गुरू नवमात सिंहेत बसलाय आणि त्याची नववी दृष्टी थेट त्या पंचमावर पडते. संततीचा कारक गुरूच, तोच लग्नाचा स्वामी, भाग्यात बसून पंचम बघतोय, याला मी चांगलं म्हणतो. सप्तमेश बुध पंचमात, म्हणजे नवरा आवडीने निवडलेला, तेही तुझ्या बाबतीत दिसतंच आहे. आणि लक्षात घे की हे सगळं दोन्ही कागदांवर सारखंच होतं, तारीख चुकली तरी यातलं काही हललं नव्हतं. एवढी पत्रिका समोर असताना फक्त चंद्राच्या नक्षत्रावरून, एका कोष्टकातून, लग्न मोडा असं सांगणं मला पटत नाही.

शुक्र मात्र सहाव्यात मंगळाबरोबर आहे, स्वतःच्या राशीत असला तरी सहावं स्थान वादाचं. मंगळाचा दोष आपल्याकडे पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या आणि बाराव्या स्थानावरून धरतात, त्यात तू बसत नाहीस, तो विषय सोड. पण बोलण्यात पटकन धार येणं, राग धरून बसणं, हे तुझं तुला माहीत असेल. आठ महिन्यांत तुमची दोन चार भांडणं तरी झाली असतील, ती कशी मिटली, कोण आधी बोललं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं आणि त्यावर विश्वास ठेव.

राक्षसगणाचं दोन वाक्यांत सांगतो. 27 पैकी नऊ नक्षत्रं राक्षसगणाची आहेत, चित्रा, मघा, विशाखा, धनिष्ठा ही त्यातलीच, आणि जगातली तिसऱ्या हिश्शाची माणसं त्यात येतात. तो स्वभावाच्या प्रकाराला दिलेला शब्द आहे, हट्टी, स्वतःचं मत असलेली, तोंडावर बोलणारी माणसं. घरात हा शब्द तुझ्या नावापुढे लावून कोणी बोलायला लागलं तर लग्नाआधीच तो थांबव, आणि तुझ्या होणाऱ्या नवऱ्याने थांबवला तर जास्त चांगलं.

एकनाड म्हणजे एक रक्तगट, असंही तुला सांगितलं जाईल, कारण हल्ली हे फार पसरलंय. नाडी नक्षत्रावरून येते, रक्तगटाशी तिचा काही संबंध नाही, दोघांचा रक्तगट एकच असला तरी काही बिघडत नाही. मुलांच्या तब्येतीची काळजी खरोखर असेल तर लग्नाआधी दोघांची थॅलेसेमियाची तपासणी करा, साधा सीबीसी आणि हिमोग्लोबिनची एचपीएलसी, कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये होते. दोघंही थॅलेसेमिया मायनर निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे गंभीर आजार, असायची शक्यता चारात एक असते आणि त्यासाठी डॉक्टरकडे जायचं असतं. आणि तुझा रक्तगट निगेटिव्ह, त्याचा पॉझिटिव्ह असेल तर गरोदरपणात डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगायचं, त्यासाठी अँटी-डी नावाचं इंजेक्शन असतं, ठरलेल्या वेळी घेतलं की प्रश्न राहत नाही. सासूबाईंची काळजी नातवंडांची आहे ना, मग त्यांना हे रिपोर्ट दाखव. त्यांच्या काळजीला खोटं म्हणू नकोस, तिला खरं उत्तर दे.

शांतीबद्दल. नाडीदोषासाठी जप, दान सांगतात, घरच्या उपाध्यायांकडून नेहमीच्या दक्षिणेत करून घेतलं आणि घरातल्या मोठ्यांच्या मनाला बरं वाटलं तर करा, माझी हरकत नाही. पण आधी भीती घालायची आणि मग त्याच माणसाने मोठ्या रकमेची शांती सांगायची, याला मी होकार देणार नाही. किती पैसे सांगितलेत ते तू लिहिलं नाहीस, जास्त असतील तर नाही म्हणा. आणि शांती केली की गुण 12 चे 20 होत नाहीत, तसं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आता एक गोष्ट मला प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हीच बरोबर तारीख गेल्या वर्षी माझ्याकडे आली असती, मुलाला तुम्ही पाहिलेलंही नसतं, फक्त दोन कागद समोर असते, तर मी 12 गुणांवर पुढचं स्थळ बघा असंच म्हणालो असतो. गुणमेलन हे अनोळखी स्थळं चाळायला वापरतात, दहातली चार ठेवायची, सहा सोडायची. 18 च्या खाली असलं की सहसा सोडतात. पण तू त्या पायरीवर नाहीस. तू त्या मुलाला आठ महिने ओळखतेस, त्याच्या घरी गेलीस, साखरपुडा झालाय. चाळणी लावायची वेळ गेली. आता तुझ्याकडे त्या माणसाबद्दल जी माहिती आहे ती माझ्या कोष्टकापेक्षा कितीतरी जास्त आहे. म्हणून मी 12 गुण धरूनही हे लग्न मोडा असं म्हणत नाही. तुझ्या जागी दुसरी कोणी असती, जिला मुलाबद्दल आधीच शंका आहे आणि ती गुणांच्या आडून नाही म्हणायला बघतेय, तर तिला मी वेगळं बोललो असतो, तिला म्हणालो असतो की शंका काय आहे ते आधी बोल, नाडीला मध्ये आणू नकोस.

दुसरी बाजू अशी की त्यांच्या घरात एकनाड हा खरोखर न चालणारा विषय असेल, काही घरांत असतो, तर तो प्रश्न पत्रिकेने सुटणार नाही. त्यासाठी आधी मुलाशी एकट्याशी बोल. त्याला विचार की आईने उद्या नाही म्हटलं तर तू काय करशील. त्याचं उत्तर तुला कुठल्याही नक्षत्रापेक्षा जास्त सांगेल आणि ते लग्नाआधी कळलेलं बरं.

माझ्याकडून झालेली दुरुस्ती लिहून ठेवतो. गुणांबरोबर दशाही, म्हणजे कुठल्या वयात कुठल्या ग्रहाचा काळ ते, बदलली आहे. हस्त धरून मी तुझी दशा चंद्रापासून मोजली होती, चित्रेला ती मंगळापासून मोजायची. म्हणजे राहूची महादशा तुला वयाच्या साधारण साडेपाचव्या वर्षी लागली आणि साडेतेविसाव्या वर्षी संपून गुरूची सुरू होणार. आधीच्या पत्रिकेत नोकरी, परदेश, लग्नाचे महिने जे मी लिहून दिले होते ते सगळे रद्द समज, त्यातलं काही खरं झालं असेल तर तो योगायोग. नवी पत्रिका 6 एप्रिल, 0 वाजून 35 मिनिटं, पुणे अशी स्पष्ट लिहून केली आहे, उद्या मामांच्या पत्त्यावर पाठवतो, पैसे नकोत.

सासूबाईंच्या गुरुजींचा नंबर मामांकडून घेतला तर मी स्वतः त्यांना फोन करीन, चूक माझी होती, तुमची तारीख बरोबर होती असं सांगीन, आणि पंचमावरच्या गुरूच्या दृष्टीबद्दलही विचारीन. त्यांनी ती पाहिली नसेल असं मला वाटत नाही. दोन ज्योतिषी एकमेकांशी बोलले की घरातल्यांचं निम्मं भांडण मिटतं, आणि हे तुझ्यावर सोपवायला नको, माझ्या चुकीचं आहे, मलाच केलं पाहिजे. फक्त तू आणि मुलगा दोघांनी हो म्हटल्याशिवाय मी कोणाला फोन करणार नाही. रविवारपर्यंत कळव.